कार्डावरची चूक आणि यादीतली ओळ

पुण्याच्या कसबा पेठेत एका वाड्यात दोन जावा राहत होत्या, असं समजू. एका शिबिरात दोघींनी एकाच दिवशी मतदार नोंदणीचे अर्ज भरले आणि काही दिवसांनी दोघींची ओळखपत्रं घरी आली. थोरलीच्या कार्डावर नाव थोरलीचं, नवऱ्याचं नावही बरोबर, पण चेहरा धाकटीचा. धाकटीच्या कार्डावर याच्या बरोबर उलट. दोघी हसल्या आणि कार्डं कपाटात गेली. पुढे धाकटीच्या घरच्यांनी कोथरूडला फ्लॅट घेतला आणि ते तिकडे राहायला गेले. निवडणूक जवळ आल्यावर कपाटातून कार्ड निघालं, तेव्हा धाकटीच्या कार्डात एकाऐवजी दोन गोष्टी चुकीच्या होत्या : फोटो आणि पत्ता.

अशा वेळी कोणता फॉर्म भरायचा? शेजारी सांगतात, ‘नवीन मतदार म्हणून सहा नंबरचा भरा, म्हणजे सगळंच नवीन मिळेल.’ झेरॉक्सच्या दुकानात ८-अ नावाचा जुना कागद मिळतो. कुणी म्हणतं, डुप्लिकेट कार्ड मागा. या तिन्ही सल्ल्यांनी काम अडतं. पहिल्याने तर नवा घोळ तयार होतो. बरोबर उत्तर द्यायचं, तर आधी चूक कुठे राहते हे समजून घ्यावं लागतं.

कार्ड ही यादीतल्या ओळीची प्रत

आपण ‘कार्ड दुरुस्त करायचंय’ असं म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने दुरुस्ती कार्डाची होत नसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची एक मतदार यादी असते. यादीचे भाग पाडलेले असतात. साधारणपणे एक भाग म्हणजे एका मतदान केंद्राचा परिसर. त्या भागात तुमच्या नावाची एक ओळ असते. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, फोटो आणि ओळखपत्राचा क्रमांक हे सगळं त्या एका ओळीत असतं. कार्ड छापलं जातं ते या ओळीवरून.

म्हणून चूक दिसली की पहिला प्रश्न असा : ही चूक यादीतच आहे, की फक्त माझ्या हातातल्या कार्डात? यादी बरोबर असेल आणि कार्ड फाटलं, पुसट झालं किंवा हरवलं असेल, तर यादीला हात लावायचं कारण नाही, तेच कार्ड पुन्हा छापून मागायचं. यादीच चुकीची असेल, तर कार्ड दहा वेळा छापलं तरी दहाही वेळा तीच चूक छापून येईल. डुप्लिकेट कार्ड मागण्याचा सल्ला इथे फसतो.

नाव, वय, घर क्रमांक हे यादीत घरबसल्या तपासता येतं. निवडणूक आयोगाच्या voters.eci.gov.in या संकेतस्थळावर किंवा मतदारांसाठीच्या मोबाइल ॲपवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की तुमचा मतदारसंघ, यादी भाग आणि अनुक्रमांक दिसतो. फोटोचं मात्र वेगळं आहे. लोकांसाठी जी यादी संकेतस्थळावर ठेवलेली असते, तिच्यात मतदारांचे चेहरे छापलेले नसतात. फोटोसह यादी नोंदणी कार्यालयाकडे असते आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर असते. फोटो यादीत चुकला आहे का, हे पाहायचं असेल तर आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठायचं. सगळे त्याला बीएलओ म्हणतात. बहुतेक वेळा ते जवळच्या शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा सरकारी कर्मचारी असतात. त्यांचं नाव आणि फोन नंबर याच संकेतस्थळावर मिळतो, किंवा १९५० या मदत क्रमांकावर विचारता येतो.

दोन जावांचा फोटो चुकला तो बहुधा यादीतच. याचं कारण यादीच्या मांडणीत आहे. एका घरातले मतदार यादीत एकाखाली एक येतात. थोरली ४१२ क्रमांकावर असेल तर धाकटी ४१३ वर. अर्जाला टाचणीने लावलेले दोन फोटो कागदावरून सुटले, किंवा संगणकात फोटो चढवताना क्रम एकाने सरकला, की शेजारच्या दोन ओळींचे चेहरे अदलाबदल होतात. म्हणून आपल्या कार्डावर परका चेहरा आला तर आधी घरातल्या आणि शेजारच्या घरातल्या लोकांची कार्डं पाहावीत. तो चेहरा पुष्कळदा तिथेच सापडतो, आणि आपला चेहरा त्यांच्या कार्डावर.

फॉर्म एकच, पर्याय चार

१ ऑगस्ट २०२२ पासून हे फॉर्म बदलले. त्याआधी नोंदीतल्या दुरुस्तीला नमुना ८ होता. त्याच विधानसभा मतदारसंघात घर बदललं तर ८-अ, आणि दुसऱ्या मतदारसंघात गेलं तर नवीन मतदारासारखा नमुना ६ भरावा लागे. हरवलेल्या कार्डासाठी ००१ हा आणखी वेगळा कागद होता. आज पन्नाशीत असलेल्या माणसाच्या डोक्यात ‘गाव बदललं की सहा नंबर’ पक्कं बसलेलं असतं ते त्या काळामुळे. तेव्हा ते बरोबरच होतं.

आता यादीत ज्याचं नाव आधीपासून आहे, त्याच्यासाठी नमुना ८ हा एकच फॉर्म. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी, नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा नावावर हरकत घेण्यासाठी. त्यामुळे ‘कोणता फॉर्म’ हा प्रश्न बराच सोपा झाला. खरी निवड आता नमुना ८ च्या आत करायची असते. सुरुवातीला नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि संपर्काची माहिती भरली की चार चौकटी येतात आणि त्यांपैकी एकीवरच खूण करायची असते :

१. राहण्याचं ठिकाण बदललं आहे.
२. यादीतल्या नोंदीत दुरुस्ती हवी आहे.
३. कोणतीही दुरुस्ती नको, फक्त बदली ओळखपत्र हवं आहे.
४. दिव्यांग मतदार म्हणून नोंद हवी आहे.

चौथ्या पर्यायाचा आपल्या विषयाशी संबंध नाही. तिसरा कार्ड हरवल्यावर, पूर-आगीत नष्ट झाल्यावर किंवा खराब झाल्यावर. फोटो आणि पत्त्याच्या चुका येतात त्या पहिल्या दोन पर्यायांत, आणि लोक चुकतात तेही या दोघांमध्येच.

पत्ता चुकला, की घर बदललं?

कार्डावरचा पत्ता आणि आपला पत्ता जुळत नाही, याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण : तुम्ही जागचे हललेला नाहीत, पण नोंद चुकीची आहे. घर क्रमांक ४५७ ऐवजी ४७५ पडला. सोसायटीचं नाव अर्धं आलं. पिन कोड शेजारच्या पोस्टाचा लागला. अशा वेळी दुसरा पर्याय, म्हणजे नोंदीतली दुरुस्ती. बीएलओ तपासायला येईल तो तुमच्या आत्ताच्याच घरी, आणि तुम्ही तिथे असाल. यादीतली ओळ तिथेच राहील, फक्त तिचा मजकूर बदलेल.

दुसरं कारण : नोंद लिहिली तेव्हा बरोबर होती, तुम्ही मात्र आता दुसरीकडे राहता. इथे पहिला पर्याय, म्हणजे राहण्याचं ठिकाण बदललं. यात जुन्या भागातली ओळ काढून नव्या भागात आणायची असते. ऑनलाइन अर्जात पुढचा प्रश्न येतो : नवं घर त्याच विधानसभा मतदारसंघात आहे की बाहेर? कसबा पेठ आणि कोथरूड एकाच शहरात असले तरी ते दोन स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहेत. म्हणून धाकटीचं उत्तर ‘बाहेर’. ‘आम्ही पुण्यातच आहोत’ म्हणून तिने ‘आत’ निवडलं, तर अर्ज चुकीच्या कार्यालयाच्या यादीत जाऊन पडेल.

आणि राहायला गेलेल्या माणसाने चुकून दुसरा पर्याय निवडला तर? अर्ज जुन्या भागाच्या बीएलओकडे जातो. तो जुन्या घरी जातो, कुणी सांगतं, ‘त्या तर इथून गेल्या.’ अर्जदार पत्त्यावर सापडत नाही आणि अर्ज नामंजूर होतो. अर्जदाराला वाटतं, कागदपत्रं पूर्ण होती, मग काय चुकलं? चुकलेली असते ती एकच खूण.

याहून मोठी चूक म्हणजे नमुना ६ भरणं. त्या फॉर्ममध्ये अर्जदार लिहून देतो की आपलं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. जुन्या यादीत नाव असताना हे लिहून देणं म्हणजे खोटं निवेदन, आणि १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नाव दोन याद्यांत येतं, दोन वेगळ्या क्रमांकांची दोन कार्डं होतात, आणि पुढे कधी तरी त्यातलं एक नाव वगळताना गोंधळ होतो. नमुना ८ ने स्थलांतर केलं की जुन्या ठिकाणची नोंद त्याच प्रक्रियेत निघते. त्यासाठी वेगळा नमुना ७ भरावा लागत नाही. ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. आपलं कार्ड उलटून पाहा : पत्ता बदलला तर संबंधित फॉर्मवर हाच क्रमांक लिहावा आणि त्याच क्रमांकाचं कार्ड घ्यावं, अशा अर्थाची सूचना मागे बारीक अक्षरांत छापलेली असते.

आणखी एक प्रश्न लोक विचारतात : दुसरीकडे घर घेतलं, म्हणजे पत्ता बदललाच का? कायद्यात ‘सर्वसाधारण निवासी’ असा शब्द आहे. एखाद्या मतदारसंघात घर नावावर आहे, एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेलं कुटुंब हंगाम संपल्यावर गावी परततं, त्याचा रहिवास गावीच. धाकटीचं कुटुंब मात्र सामानसुमान घेऊन कोथरूडला राहायला गेलं, मुलांची शाळाही तिकडे. तिथे खरंच राहणं सुरू झालं, म्हणून ठिकाण बदलाचा अर्ज योग्य.

पुरावा म्हणून नव्या पत्त्याचा एक कागद लागतो : किमान वर्षभरापासूनचं त्या पत्त्यावरचं पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, जमिनीच्या मालकीची महसुली नोंद, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत खरेदीखत. यांपैकी एकाची स्वतः सही केलेली प्रत पुरते. भाडेकरार नोंदणीकृत असावा. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलेला करार या यादीत बसत नाही. पुरावा स्वतःच्याच नावाचा हवा असंही नाही. आई-वडील, जोडीदार किंवा सज्ञान मुलगा-मुलगी त्याच पत्त्यावर मतदार असेल, तर त्यांच्या नावाचा कागद चालतो. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावावर काही महिने कोणतंच बिल नसतं. नवऱ्याची नोंद आधी झाली तर तिचा अर्ज नवऱ्याच्या कागदावर होतो. यांतलं काहीच नसेल तर राहण्याचा दुसरा कोणताही कागद जोडता येतो, पण मग घरी येऊन होणारी तपासणी निर्णायक ठरते.

फोटोची दुरुस्ती

फोटो चुकला असेल तर दुसरा पर्याय, आणि त्याखाली जे तपशील दुरुस्त करायचे त्यांच्या यादीतून फक्त फोटोवर खूण. लोक इथे उत्साहात नाव, वय, पतीचं नाव, पत्ता असं सगळंच ‘जरा नीट’ करायला जातात. नोंदणी अधिकाऱ्याला मात्र दुरुस्ती करण्याआधी ही नोंद याच अर्जदाराची आहे याची खात्री करावी लागते. चेहरा चुकीचा आहे, एवढं एकच वेगळं असेल आणि बाकी नाव-गाव-वय तुमच्या आधारशी जुळत असेल, तर खात्री सहज होते. चेहऱ्याबरोबर नाव आणि वयही बदलायला मागितलं, तर एका मतदाराची ओळ दुसऱ्याच माणसाच्या नावाने वळवली जाते आहे की काय, अशी शंका घ्यायला जागा मिळते. म्हणून आधी फोटो सुधारावा. नावातली वेलांटी नंतर पाहता येते.

फोटो रंगीत, अलीकडचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, समोरून पूर्ण चेहरा दिसणारा हवा. आकार ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर. डोक्यावर पदर असला तरी चालतं, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा दिसला पाहिजे. फोटोवर सही करायची नाही. फोटो डिंकाने चिकटवा, स्टेपलर चेहऱ्यावर मारू नका, आणि चिकटवण्याआधी मागे पेन्सिलने स्वतःचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहा. दोन फोटो सुटले तरी कोणता कुणाचा हे कळेल. जावांच्या शिबिरात एवढंच राहून गेलं होतं. ऑनलाइन अर्ज करत असाल, तर छापील पासपोर्ट फोटोचा मोबाइलवर फोटो काढू नका. चकाकी आणि सावली येऊन तो धुरकट होतो. स्टुडिओतून मूळ फाइलच मागून घ्या.

आधाराला कागद असा द्या, ज्यावर तुमचं नाव आणि तुमचा चेहरा एकत्र आहेत : आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. जुन्या कार्डाची प्रतही जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला चूक एका नजरेत दिसते.

दोन जावांचे तीन अर्ज

आता त्या दोघींचं प्रकरण सोडवू. धाकटीला फोटोही बदलायचा आहे आणि पत्ताही. नमुना ८ वर एकच चौकट निवडायची आहे. म्हणजे तिचे दोन अर्ज. आधी कोणता?

तिने फोटोची दुरुस्ती आधी मागितली, तर तो अर्ज कसबा पेठेत तपासला जाईल, कारण तिची ओळ अजून तिथे आहे. बीएलओ वाड्यात जाईल आणि धाकटी तिथे राहत नाही असं लिहून आणेल. म्हणून आधी ठिकाण बदलाचा अर्ज. कोथरूडचा पत्ता, फ्लॅटच्या खरेदीखताची प्रत आणि ओळखपत्राचा जुना क्रमांक. कोथरूडचा बीएलओ नव्या घरी येईल. तो यादीतला चेहरा आणि समोरची बाई यांची तुलना करील आणि साहजिकच विचारेल, ‘ताई, हा फोटो तुमचाच का?’ तिथे गप्प बसू नये. फोटो जावेचा आहे, तिचं कार्ड असं आहे, आणि नाव इकडे आलं की फोटोचा अर्ज देणार आहे, हे सांगावं आणि आधार कार्ड दाखवावं. जावेच्या कार्डाची प्रत जवळ ठेवली तर सांगणं दोन मिनिटांत संपतं.

नाव कोथरूडच्या यादीत आल्याचं दिसलं की दुसरा अर्ज : नोंदीत दुरुस्ती, फक्त फोटो.

पण एवढ्याने काम संपत नाही, आणि हाच भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धाकटीने आपला फोटो सुधारला आणि थोरलीने काहीच केलं नाही, तर काय होईल? धाकटीच्या ओळीत आता धाकटीचा चेहरा असेल. थोरलीच्या ओळीतही अजून धाकटीचाच चेहरा असेल. एकच चेहरा दोन नावांनी, दोन मतदारसंघांत. यादी तयार करणाऱ्या संगणक प्रणालीत सारखे दिसणारे फोटो आणि सारखे तपशील असलेल्या नोंदी शोधण्याची सोय असते. दुबार नावं पकडण्यासाठीच ती आहे. तिच्या नजरेत या दोघी एकच बाई दोन ठिकाणी नोंदलेली, अशा दिसू शकतात. मग चौकशी, घरी फेरी, कदाचित नोटीस. चूक कुणाचीच नसताना स्पष्टीकरण मात्र दोघींना द्यावं लागेल.

म्हणून तिसरा अर्ज थोरलीचा, तिच्या स्वतःच्या नावाने. ती वाड्यातच राहते, त्यामुळे तिला थांबायचं कारण नाही. धाकटीच्या स्थलांतराच्या अर्जाबरोबरच तिने फोटो दुरुस्तीचा नमुना ८ कसबा पेठेत द्यावा आणि सोबत दोन्ही कार्डांच्या प्रती जोडाव्यात. फोटोंची अदलाबदल झालेली असेल तेव्हा दुरुस्तीही जोडीनेच करावी लागते. आणि हे दोघी एका वाड्यात होत्या तेव्हाच लक्षात घेतलं असतं, तर एकाच बीएलओच्या हातात दोन अर्ज देऊन, त्याच्यासमोर दोघी शेजारी उभ्या राहून सगळं एका फेरीत झालं असतं.

अर्ज दिल्यानंतर

अर्ज ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे कागदावर द्या, पोच क्रमांक घेतल्याशिवाय सोडू नका. त्या क्रमांकावर अर्ज कुठपर्यंत पोचला ते कळतं : दाखल झाला, बीएलओकडे गेला, तपासणी झाली, मंजूर किंवा नामंजूर. आलेल्या अर्जांची यादी लोकांना हरकती घेता याव्यात म्हणून प्रसिद्ध केली जाते आणि त्यासाठी सात दिवस ठेवलेले असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात निर्णय आला नाही तर घाबरायचं कारण नाही. अर्ज ‘बीएलओकडे’ याच टप्प्यावर बरेच दिवस अडकला, तर मात्र बीएलओला फोन करा. पुष्कळदा तो येऊन गेलेला असतो आणि घराला कुलूप असतं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात हे हमखास होतं. सोसायटीच्या फाटकावर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

निर्णय देतो तो मतदार नोंदणी अधिकारी. महाराष्ट्रात हे काम साधारणपणे उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी पाहतो आणि तहसीलदार त्याचे सहायक असतात. अर्ज नामंजूर झाला तर आधी कारण वाचा. पर्याय चुकला होता किंवा कागद वाचता येत नव्हता, तर नीट भरून नवा नमुना ८ द्या, ते सगळ्यात लवकर होतं. कागद बरोबर असूनही नाकारलं असेल, तर निर्णयापासून पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं.

मंजूर झाल्यावर नवं कार्ड टपालाने येतं. यादीत बदल झाल्यापासून पंधरा दिवसांत ते पोचवायचं, असं आयोगाने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. कार्ड हातात आल्यावर पाकीट फोडून लगेच चार गोष्टी पाहा : क्रमांक जुनाच आहे ना, चेहरा तुमचा आहे ना, मागे पत्ता पूर्ण आहे ना, आणि मतदारसंघ व यादी भाग नव्या घराचा आहे ना. क्रमांक वेगळा दिसला तर कुठे तरी नमुना ६ भरला गेला, किंवा दोन नोंदी झाल्या, असा संशय घ्या आणि जुन्या क्रमांकाने यादीत नाव शोधून पाहा.

वेळेची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठीच्या यादीत बदल होत नाही. हरकतींचे सात दिवस मध्ये असतात, म्हणून त्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचायला हवा. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत आणखी एक गाठ आहे. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो, एका ठरलेल्या तारखेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत झालेली तुमची दुरुस्ती प्रभागाच्या यादीत दिसणार नाही. प्रभाग यादीवर हरकत घेताना चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, पण फोटो किंवा घर बदलणं तिथे होत नाही. त्यासाठी नमुना ८ हाच रस्ता.

दुरुस्तीआधीच मतदान आलं तर

समजा, धाकटीचं नाव कोथरूडच्या यादीत आलं, पण फोटोचा अर्ज अजून मार्गी लागलेला नाही आणि मतदानाचा दिवस उजाडला. तिने घरी बसायचं का? मुळीच नाही. मतदानाचा हक्क यादीत नाव असल्याने मिळतो. कार्डाचं काम ओळख पटवण्याचं. कार्डावर नावात किरकोळ चूक असेल, पण त्यावरून माणूस ओळखू येत असेल, तर ती चूक सोडून द्यावी, अशा आयोगाच्या सूचना असतात. दुसऱ्या मतदारसंघाच्या अधिकाऱ्याने दिलेलं जुनं कार्डही चालतं, मात्र ज्या केंद्रावर मतदार आला आहे तिथल्या यादीत त्याचं नाव हवं. म्हणजे कसबा पेठेचा पत्ता असलेलं कार्ड घेऊन ती कोथरूडच्या केंद्रावर जाऊ शकते.

फोटो जुळत नसेल तेव्हा मात्र कार्डावर ओळख पटत नाही, आणि त्यासाठी आयोगाने पर्यायी कागद ठरवून दिले आहेत. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं असे ते आहेत. घरपोच येणारी मतदार माहिती चिठ्ठी एकटी ओळखीसाठी चालत नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला.

धाकटीने त्या दिवशी पर्समध्ये आधार कार्ड ठेवावं आणि ते आधी पुढे करावं. केंद्रावरच्या यादीत तिच्या नावासमोर अजून थोरल्या जाऊबाईंचा चेहरा असेल. अधिकारी थबकला, तर आधार आणि फोटो दुरुस्तीच्या अर्जाचा पोच क्रमांक दाखवून तिला सांगता येईल की नाव माझं आहे, फोटो चुकला आहे आणि दुरुस्ती चालू आहे. मतदान करून आल्यावर संध्याकाळी त्या पोच क्रमांकाची स्थिती पुन्हा एकदा पाहावी आणि थोरलीला फोन करून तिच्या अर्जाचं काय झालं तेही विचारावं. दोन्ही ओळींत आपापले चेहरे आले, तेव्हाच हे काम झालं असं समजायचं.